वीस आणि पंचवीसचा मध्य

त्या महिन्यात आमच्या घरी दोन आकडे राहायला आले होते. एकाचं नाव वीस, दुसऱ्याचं पंचवीस. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं आणि दोघांनाही जेवायच्या टेबलावर मधलीच खुर्ची हवी असायची. वीस आईने आणला होता आणि पंचवीस आत्याने. बाबा आणि मी मधे बसून मुकाट्याने जेवायचो.

आधी माणसं सांगते, मग भांडण. आई औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पगार विभागात आहे. सगळ्यांचे पगार, कपाती, रजा तिच्या हाताखालून जातात आणि तिथे तिचा दरारा असा की एखाद्याने ओव्हरटाइम जरा फुगवून लिहिला तर तिने नुसता चष्मा कपाळावर सरकवला तरी तो परत खोडून आणतो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे आणि गेल्या निवडणुकीत युनियनवर पॅकिंगची प्रतिनिधी म्हणून निवडून आली. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, पण तिचा स्वयंपाकघराशी संबंध चहापुरता, त्यामुळे जेवायला खाली. थोडक्यात, कंपनीचा पगार विभाग आणि युनियनची प्रतिनिधी रोज एकाच भांड्यातली आमटी वाढून घ्यायच्या, आणि त्याही नणंद-भावजय. यावर मी काही बोलत नाही. पुढचं ऐका.

कारखान्यात दोन मोठे विभाग आहेत. यंत्र विभाग गोळ्या दाबतो. पॅकिंग विभाग त्या गोळ्या तपासतो, तुटक्या-डागाळलेल्या वेचून काढतो आणि पाकिटांत भरून सील करतो. यंत्रांवर जवळपास सगळे पुरुष, पॅकिंगला जवळपास सगळ्या बायका. पॅकिंगचा पगार पहिल्यापासून कमी, कारण म्हणे ते ‘बसून करायचं हलकं काम’. मग कंपनीने बाहेरून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी दोन्हीकडे उभं राहून पाहिलं: कौशल्य किती लागतं, डोळ्यांना आणि पाठीला किती त्रास, चूक झाली तर जबाबदारी कुणावर. निकाल लागला की दोन्ही कामं सारख्याच मोलाची. चुकीची गोळी चुकीच्या पाकिटात गेली तर काय होईल, याचा विचार तोवर कुणी केलाच नव्हता म्हणायचा. कंपनीने निकाल मान्य केला, कागदावर लिहून दिलं की दोन्ही विभागांतली तफावत मिटवू, आणि आईला सांगितलं, तफावत किती आहे ते काढा.

आईने काढली. यंत्र विभागाचा सरासरी दर तासाला अडीचशे रुपये. पॅकिंगचा दोनशे. फरक पन्नासचा. कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा एक ठरलेला तक्ता असतो. त्यात नियम असा की ज्या गटाचा पगार जास्त, त्याला शंभर धरायचं आणि दुसरा गट त्याच्या किती खाली आहे ते लिहायचं. अडीचशेत पन्नास म्हणजे वीस टक्के. आईच्या अहवालात तेच गेलं आणि सूचनाफलकावर लागलं: पॅकिंगचा पगार यंत्र विभागापेक्षा वीस टक्क्यांनी कमी.

दुसऱ्या दिवशी युनियनचं पत्रक निघालं. ते आत्याने लिहिलं होतं. तिने हिशेब स्वतःपासून सुरू केला. आपल्याला दोनशे, त्यांना अडीचशे, म्हणजे आपल्यापेक्षा पन्नास जास्त. दोनशेत पन्नास म्हणजे पंचवीस टक्के. पत्रकावर ठळक अक्षरांत: यंत्रवाले आपल्यापेक्षा पंचवीस टक्के जास्त घेतात.

बस. पेटलं.

आत्याचं म्हणणं, कंपनीने पाच टक्के मधल्यामधे गिळले आणि ते गिळायला वहिनीने पाणी दिलं. आईचं म्हणणं, भाषणात टाळ्या मिळाव्यात म्हणून आकडा फुगवला. खरं तर आईला सगळं कळत होतं. पहिल्याच रात्री ती आत्याला म्हणाली होती की तुझंही बरोबर आहे, फक्त तू शंभर कुणाला धरतेस त्यावर आहे. पण आत्या दिवसभर यंत्रवाल्यांचे टोमणे ऐकून आलेली. तिला ते ‘तुझंही बरोबर आहे’ असं ऐकू आलं की जणू लहान मुलीला गप्प करायला बोललंय. ती म्हणाली, पगार विभागाची भाषा मला नको, मला माझे पाच टक्के हवेत. त्यावर आईनेही तोंड मिटलं. आई रागावली की आत्याला ‘वन्सं’ म्हणते, एरवी ‘अगं’. तो महिना ‘वन्सं’ गेला. ‘वन्सं, मीठ द्या.’ मिठाने सुद्धा दचकावं असं.

बाबा ड्रायव्हिंग शिकवतात. त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, मी दोन्ही आरशांत बघतो आणि हळू चालवतो. म्हणजे ते काहीच बोलायचे नाहीत.

आता तिसरं माणूस: कंपनीचे कर्मचारी अधिकारी. आईचे साहेब. त्यांना अख्खा कारखाना मधलेसाहेब म्हणतो, कारण कुठलाही तंटा ते मधे आणून सोडवतात. हे मी थट्टेत नाही सांगत. पॅकिंगने दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची मागितली, कंपनी वीस मिनिटांवर अडली, मधलेसाहेबांनी पंचवीस मिनिटं करून दिली. कामगारांनी वर्षाला बुटांचे दोन जोड मागितले, कंपनी म्हणाली एक, तर मधलेसाहेबांनी एक जोड आणि वर बुटांच्या तळांचा एक जोड मिळवून दिला. लोक हसतात, पण त्यांच्या काळात एकही संप झाला नाही हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतं आणि दोन्ही बाजू घरी जाऊन सांगतात की आपण त्यांना खेचलं. कारखान्यात ही रीतच पडून गेली आहे. आकडा सांगताना दोन्ही बाजू आधीच मधला डोळ्यापुढे धरून सांगतात.

करार ठरवायला कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत चार जण बसले. कंपनीकडून कारखाना चालवणाऱ्या मोठ्या बाई आणि मधलेसाहेब. युनियनकडून अध्यक्ष, जे स्वतः यंत्र विभागातले, आणि आत्या. आईला एका कोपऱ्यात लॅपटॉप देऊन बसवलं होतं. विचारलं तर आकडा सांगायचा, एरवी नाही. या बैठकीत काय झालं ते मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय आणि जेवढं दोघींच्या सांगण्यात सारखं आहे तेवढंच लिहितेय.

मोठ्या बाई म्हणाल्या, अहवालात वीस टक्के तफावत आहे, तर पॅकिंगला वीस टक्के वाढ देऊ आणि विषय संपवू. आत्या म्हणाली, तफावत पंचवीस आहे, पंचवीस द्या. अध्यक्षांनी तिला साथ दिली खरी, पण त्यांचा जीव अर्धाच त्यात होता, कारण त्यांच्या यंत्रवाल्यांना या करारात काहीच मिळत नव्हतं. तासभर वीस, पंचवीस, वीस, पंचवीस चाललं. कुणी कुणाला विचारलं नाही की कशाच्या वीस आणि कशाच्या पंचवीस. आईला वाटलं, शेवटी कुणीतरी विचारेल. तिला हेही वाटत होतं की टक्के बोलण्यापुरते, प्रत्यक्ष वाढ दोनशेचे अडीचशे करूनच होणार, म्हणून ती थांबली. मग चहा आला. चहाबरोबर मधलेसाहेबही.

ते म्हणाले, एकाचे वीस, एकाचे पंचवीस. साडेबावीस करून टाकू.

खोलीत एकदम हलकं वाटलं, असं आत्या सांगते. मोठ्या बाईंनी मान हलवली. आत्याने अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. हात मिळवले गेले. मधलेसाहेबांनी तिथल्या तिथे वाक्यं सांगितली आणि टाइप करून घेतली: पॅकिंग विभागाला साडेबावीस टक्के वाढ, करार चार वर्षांचा, आणि ‘या वाढीनंतर दोन विभागांतील तफावत मिटली असे मानण्यात येईल व करार संपेपर्यंत या विषयावर नवी मागणी करता येणार नाही’. सोबत जोडायला पगार विभागाचा तक्ता, त्यात शेवटच्या ओळीत ‘वाढीनंतरची तफावत’, खाली आईची सही. सही उद्या सकाळी.

आई आपल्या टेबलावर परत आली आणि तक्ता करायला बसली. दोनशेला साडेबावीस टक्के वाढ, म्हणजे पंचेचाळीस. नवा दर दोनशे पंचेचाळीस. शेजारच्या रकान्यात यंत्र विभागाचे अडीचशे. शेवटच्या ओळीत शून्य लिहायचं होतं आणि शून्य येत नव्हतं. पाच उरत होते. अडीचशेत पाच म्हणजे दोन टक्के.

तिने पुन्हा करून पाहिलं. मग वीसने करून पाहिलं: दोनशे चाळीस, दहा उरतात, चार टक्के. मग पंचवीसने: अडीचशे, काही उरत नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बैठकीत काय झालंय. वीस ही मुळी वाढ नव्हतीच. यंत्रवाले वरून खाली बघतात तेव्हा पॅकिंग किती खाली दिसतं, ते वीस. पॅकिंगला वर चढायला किती लागेल, ते पंचवीस. फरक तोच, पन्नासचा. दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगत होत्या, आणि एक तास भांडून त्यांनी एकाच गोष्टीचा मध्य काढला होता.

संध्याकाळी आत्या आइस्क्रीम घेऊन खाली आली. मोठा डबा. तिने बाबांना, मला, इमारतीच्या वॉचमनलाही दिलं. तिच्या विभागात ती सगळ्यांना सांगून आली होती, बायकांनी तिला उचलून धरलं होतं, एकीने तर तिच्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडवले होते आणि अजून एक तुकडा तिच्या केसांत होता. ती आईकडे वाटी सरकवत म्हणाली, घे, तुझ्या आकड्यापेक्षा अडीच जास्त आणलेत. आवाजात टोमणा होता, पण गोड. तह करायचा होता तिला, हे मलाही कळलं.

आईने डोकं दुखतंय म्हणून वाटी परत सरकवली. आत्याला ते लागलं. ती वर गेली.

मग स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती, बाबा विसळत होते, मी पुसत होते, आणि आईने बाबांना सगळं सांगितलं. एका दमात, नळ चालू ठेवून. बाबांनी नळ बंद केला.

ते म्हणाले, मग वर जा आणि सांग तिला.

आईने नकारार्थी मान हलवली. ‘आज मी तिला सांगितलं तर उद्या ती तिथे जाऊन म्हणेल, वहिनीने सांगितलं. मग तो हिशेब राहणार नाही, घरची गोष्ट होईल. साहेब म्हणतील, कंपनीचा पगार विभाग रात्री युनियनला शिकवतो.’

‘आणि नाही सांगितलंस तर?’

‘तर ती मला जन्मभर ऐकवेल.’

बाबांनी विचार केला. म्हणाले, ते ती तसंही ऐकवणारच आहे.

आई हसली नाही. ती म्हणाली, सांगायचं की नाही हा प्रश्नच नाही, सांगायचं कुठे हा आहे. त्या शेवटच्या ओळीखाली तिची सही लागणार होती. शून्य लिहून सही केली तर ते खोटं, आणि ते खोटं चार वर्षं पॅकिंगच्या प्रत्येक बाईच्या पगारातून तासाला पाच कापत राहणार, वर मागायची सोय नाही. दोन लिहिलं तर साहेबांनी जुळवलेल्या करारावर पाणी. आणि तिच्या वार्षिक शेऱ्यावर सही साहेबांचीच असते. विभागप्रमुखाची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती आणि ती तिला मिळेल असं सगळे धरून चालले होते. बाबासुद्धा, नवीन गाडीच्या हप्त्यांसकट. बाबांनी नळ पुन्हा सुरू केला.

सकाळी बैठकीच्या खोलीत फुलं ठेवली होती आणि कंपनीचा फोटोग्राफर आला होता. मधलेसाहेबांनी टाय घातला होता. आईने तक्त्याच्या प्रती चौघांसमोर ठेवल्या आणि कोपऱ्यात जाऊन न बसता टेबलाशीच उभी राहिली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: दोन टक्के. खाली सही केलेली होती.

पहिल्यांदा मोठ्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, हे दोन कुठून आले?

आईने सांगितलं. दोनशे, पंचेचाळीस, दोनशे पंचेचाळीस, अडीचशे. चार आकडे, बाकी काही नाही.

मधलेसाहेब म्हणाले, काहीतरी चुकतंय, वीस आणि पंचवीसचा मध्य सर्वांनी मिळून काढला होता, दोन्ही बाजू अडीच-अडीच सरकल्या, आता हे कुठलं नवीन? ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की कुणीतरी बैठकीत ठरलेला करार नंतर खेचतंय, आणि ते त्यांच्या रीतीत सगळ्यात वाईट समजलं जातं.

आईने जे उत्तर दिलं ते आता कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, ‘साहेब, माझ्या घरी एक माणूस आहे. मी त्याला नवरा म्हणते, या त्याला भाऊ म्हणतात. आमचं दोघींचं खरं आहे. पण म्हणून कुणी नवरा आणि भाऊ यांचा मध्य काढत नाही. माणूस एकच आहे. इथे पन्नास एकच आहेत.’

अध्यक्ष फसकन हसले आणि मग हसल्याबद्दल खोकले. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

मधलेसाहेब म्हणाले, मग अहवालात वीस का लिहिलंत? आणि हा प्रश्न रास्त होता. आई म्हणाली, कारण तक्ता तसं विचारतो, आणि वीस खरेच आहेत. ‘तुम्ही यंत्रवाल्यांचे वीस टक्के कापलेत तर तफावत आत्ता मिटेल. अडीचशेचे दोनशे होतील.’ त्यावर अध्यक्षांचं हसू पार पुसलं गेलं आणि ते खुर्चीत सावरून बसले. ‘पण पॅकिंगला वर आणायचं असेल तर त्यांच्या स्वतःच्या दोनशेवर मोजावं लागेल, कारण वाढ त्यांच्या पगारावर लागते, दुसऱ्यांच्या नाही. तिथे पंचवीस लागतात.’ मग ती म्हणाली की अहवालात दोन्ही दर पहिल्या पानावर हवे होते, ते चौथ्या पानावर गेले, तेवढी चूक तिची.

आत्याला आनंद व्हायला हवा होता, नाही? तिचेच पंचवीस जिंकत होते. पण तिने काल साडेबावीसवर हात मिळवला होता, अख्ख्या विभागाला सांगून बसली होती, केसांत कागद घालून नाचली होती. आपलाच आकडा आपल्याला नीट कळला नव्हता, हे तिला भावजयीसमोर, साहेबांसमोर, फोटोग्राफरसमोर कळत होतं. पंचवीस तिने भांडणासाठी धरला होता. तो खरोखर लागणारा पगार आहे म्हणून धरला असता तर तो सोडला नसता.

ती एवढंच म्हणाली, ‘वहिनी, काल आइस्क्रीम खाताना का नाही बोललीस?’

‘मी खाल्लं नाही,’ आई म्हणाली.

यानंतर चर्चा बरीच झाली आणि ती फार मजेची नव्हती. मोठ्या बाईंना साडेबावीसपर्यंतच मंजुरी होती, वरचे मुख्य कार्यालयाकडून मागावे लागणार होते. त्या म्हणाल्या, या वर्षी एवढंच शक्य आहे. आत्या म्हणाली, मग ‘तफावत मिटली’ हे वाक्य काढा, मिटलेली नाही तर मिटली म्हणायचं नाही, आणि पुन्हा मागायची बंदीही काढा. मधलेसाहेबांनी सवयीने सुचवलं की उरलेल्या पाचाचं निम्मं या वर्षी, आणि आईसकट चौघांनीही एकदम त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांचं वाक्य तिथेच थांबलं. फोटोग्राफर फुलांचा कोन बदलत राहिला.

शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं की टक्के लिहायलाच हवेत का. आई म्हणाली, नको, दर लिहा. पॅकिंगचा दर या वर्षी दोनशे पंचेचाळीस. पुढच्या वर्षीच्या पहिल्या महिन्यापासून यंत्र विभागाइतका. आणि मधे यंत्र विभागाचा वाढला तर त्या वाढलेल्याइतका. ‘इतका’ला टक्का लागत नाही आणि शंभर कुणाला धरायचं हा वाद उरत नाही. ते शेवटचं वाक्य, मधे वाढला तर, अध्यक्षांना फारसं आवडलं नाही, कारण आता त्यांनी यंत्रवाल्यांसाठी काही मागितलं की ते आपोआप पॅकिंगलाही जाणार होतं. पण आत्या त्यांच्याकडे बघत होती, आणि आत्या बघते तेव्हा बघते. त्यांनी सही केली. मोठ्या बाईंनी केली. मधलेसाहेबांनी टाय सैल करून केली. आत्याने प्रत्येक ओळ बोटाने वाचली, दोनशे पंचेचाळीसमधून दोनशे वजा करून पाहिले, मग केली.

फोटो निघाला. त्यात कुणीच हसत नाहीये. तो आता सूचनाफलकावर आहे.

विभागप्रमुखाची जागा आईला मिळाली नाही. ती दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. मधलेसाहेब आईशी अजूनही नीट वागतात, पण जेवायच्या सुट्टीत तिच्या टेबलावर येऊन बसायचे ते बंद झालं. कुणी कारण सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. बाबांची जुनी गाडी अजून चालते. तिचा दुसरा गिअर पडायला वेळ लागतो, आणि बाबा म्हणतात की शिकणाऱ्याला संयम येतो.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. सह्यांनंतर आत्याला पॅकिंग हॉलमध्ये जाऊन सांगायचं होतं. काल तिने ज्यांना साडेबावीस सांगितले होते त्यांनाच. तिने दारातून आईला हाक मारली, ‘चल.’ आई म्हणाली, मी कंपनीची, मी तिथे कशाला येऊ? आत्या म्हणाली, आकडे तुझे आहेत, आणि मला उभं राहायला शेजारी कुणीतरी हवंय.

हॉलमध्ये गोळ्यांचा सरकता पट्टा थांबवला होता. बायका टोप्या, हातमोजे घालून उभ्या होत्या. आत्या एका रिकाम्या खोक्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. तिने सांगितलं की काल मी जे सांगितलं त्यात तुम्ही यंत्रवाल्यांच्या बरोबरीला येत नव्हता, पाच मागे राहत होता, आणि चार वर्षं मागता येणार नव्हतं. ‘हे माझ्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं.’ आमच्या घराण्यात नणंदेने भावजयीबद्दल असं बोलल्याची ही पहिलीच नोंद असावी. मग तिने नवे दर सांगितले, या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा.

टाळ्या कमीच पडल्या. कालच्यासारखे कागद तर नाहीच. मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईने विचारलं, ‘म्हणजे टक्के किती मिळाले ते सांगा ना सरळ.’

आत्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, आज तुमच्या पगारावर साडेबावीस. पुढच्या वर्षी, आजच्या दोनशेवर मोजलं तर एकूण पंचवीस. आणि पुढच्या वर्षीचा तेवढाच टप्पा त्या वेळच्या पगारावर मोजला तर दोनच्या जरा वर.

बाईने विचारलं, ‘आणि तोपर्यंत?’

‘तोपर्यंत तासाला पाच कमी,’ आई म्हणाली.

बाईने मान डोलावली. म्हणाली, बरं, निदान कळलं तरी किती कमी ते. तिने हातमोजे वर ओढले, कुणीतरी पट्ट्याचं बटण दाबलं आणि गोळ्या पुन्हा पुढे सरकायला लागल्या.